शेवटचे आकडे बासष्ट

फोन हरवला तो लालबागला, मिरचीच्या ठसक्यात. दरवर्षी एप्रिलच्या शेवटी आम्ही तिघी, म्हणजे आई, धाकटी बहीण आणि मी, तिथे मसाला कांडून घ्यायला जायचो. आई गेल्यापासून मी एकटीच जाते. डोळ्यांतून पाणी, नाकाला पदर, पुढच्या बाईशी नंबरावरून हुज्जत, या गडबडीत फोन पिशवीत टाकला की टाकलाच नाही, ते आजही मला आठवत नाही. मसाल्याचा डबा घेऊन बाहेर रस्त्यावर आले आणि फोन काढायला हात घातला, तर पिशवीत फक्त हळकुंडांची पुडी.

गिरणीवाल्याने सगळी पोती हलवून पाहिली. त्याच्या फोनवरून माझ्या नंबरला रिंग दिली, दोनदा वाजली, मग बंद. "गेला, ताई," तो म्हणाला. "आधी सिम बंद करा." त्याच्याच फोनवरून मी कंपनीला कळवलं आणि सिम बंद करून घेतलं. फोनला आकड्यांचं कुलूप होतं, त्यामुळे तेवढी धास्ती नव्हती. नवा फोन घेऊ, त्याच नंबरचं दुसरं सिम काढू, संपलं, असं मनाशी म्हणत मी दादरला घरी आले.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद केली आणि ती घेऊन सिम कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने माझं आधार कार्ड पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं.

"मॅडम, हा नंबर तुमच्या नावावर नाही."

तेव्हा मला आठवलं. लग्न मोडून मी लालबागला आईच्या खोलीवर परत आले तेव्हा माझ्याकडे स्वतःच्या पत्त्याचा एकही पुरावा नव्हता. आई म्हणाली होती, माझे कागद दे, नावात काय ठेवलंय. तिच्या नावावर घेतलेला तो नंबर मी इतकी वर्षं माझा म्हणून वापरत होते.

"त्या तुमच्या कोण?"

"आई."

"मग त्यांना घेऊन या. दहा मिनिटांचं काम आहे."

"त्या नाहीत."

"गावी असतात का?"

"नाही," मी म्हटलं. "त्या नाहीत."

मुलीचा चेहरा उतरला. तिने आवाज खाली आणून नीट समजावलं. मृत्यूचा दाखला लागेल, नातं दाखवणारा कागद लागेल, दुसरी मुलगी असेल तर तिची हरकत नसल्याचं लिहून आणावं लागेल, मग नंबर माझ्या नावावर होईल. वेळ लागेल. तोवर माझ्या नावावर नवीन नंबर घ्या, असं ती म्हणाली. मी घेतला. साधासा फोनही घेतला. पण त्या कोऱ्या फोनमध्ये कोणाचाच नंबर नव्हता, आणि मला तर माझ्या ऑफिसचा लँडलाइन सोडला तर एकही नंबर पाठ नव्हता.

मी गिरगावात एका छोट्या प्रकाशनाच्या ऑफिसात मुद्रितं तपासते. तिथे खिडकीजवळ एक जुना कॉम्प्युटर आहे, चार जण वापरतात, म्हणून मी काम झालं की दर वेळी मेलमधून बाहेर पडते. त्या दिवशी त्याच्यापुढे बसून पासवर्ड टाकला. पासवर्ड बरोबर निघाला. मग पडद्यावर आलं: तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे, ती उघडून 'होय' दाबा.

कुठल्या फोनवर? कुठेतरी कोणाच्या तरी खिशात बंद पडलेल्या.

खाली 'दुसरा मार्ग वापरून पहा' असं होतं. तिथे पर्याय होते. माझ्या नंबरवर कोड, तो नंबर तर बंद. आठ आकडी राखीव कोडांपैकी एक टाका. ते कोड मी जपून ठेवले होते. कुठे? स्वतःलाच मेल करून, त्याच मेलबॉक्समध्ये. ते आठवलं तेव्हा मी एकटीच हसले, आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी मान वर केली.

आणि तिसरा पर्याय. शेवटी बासष्ट असलेल्या नंबरवर कोड पाठवा. आधीच्या सगळ्या आकड्यांच्या जागी नुसते ठिपके.

बासष्ट कोणाचा? मी गडबडीत दोन-तीनदा ते दाबलं, उगाच, जणू तो कोड माझ्याच हातात पडणार होता. राखीव कोडांच्या जागी जुने पासवर्ड टाकून पाहिले. शेवटी पडद्याने सांगितलं, खूप प्रयत्न झाले, काही वेळाने या. सहकारी बाई म्हणाल्या, "घाई करू नका. आणि करायचं ते याच मशीनवरून करा, नेहमीचं मशीन आहे, ओळखेल तरी. ते खातं परत मिळवायचं प्रकरण असतं ना, त्यात दिवसच्या दिवस थांबवतात, आणि मिळेलच असं नाही."

इतकं काय होतं त्या मेलमध्ये? कामाचं काही फारसं नव्हतं, ऑफिसची मेल वेगळी आहे. त्यात आईच्या मेल्स होत्या.

आईचे हात शेवटच्या वर्षांत थरथरायचे. बहिणीने तिला स्वतःचा जुना टॅब दिला, त्यावर मेलचं खातं काढून दिलं आणि बोलून लिहायला शिकवलं. फोनवर बोलायचं तर आईला वाटे की पोरीचं काम मोडतं. मेल केली की सवडीने वाचता येते. पण मजकूर लिहायची मोठी जागा खाली असते, हे तिला कधी पटलं नाही. ती सगळं विषयाच्या ओळीत लिहायची. खालचं पान कोरं. 'आज बांगडे चांगले होते दोन तुझे ठेवले आहेत.' 'पंखा दुरुस्त झाला.' 'खालच्या मजल्यावरच्या वहिनीला मुलगी झाली.' त्या यंत्राला आमची मालवणी समजायची नाही. ती 'खंय असस' म्हणाली की ते 'काय असं' लिहायचं. अशी कितीतरी 'काय असं' माझ्याकडे होती. पहिल्यांदा मी वैतागले होते. मग कळलं, की ती विचारते आहे, कुठे आहेस.

लालबागची ती खोली आता नाही, चाळच नाही, तिथे पत्र्यांच्या आड खड्डा आहे. आईचा आवाज मी कुठे रेकॉर्ड करून ठेवलेला नाही. तिचं बोलणं तेवढ्या ओळींत उरलं होतं.

घरी जाताना बसमध्ये मला बासष्ट आठवला. आईच्याच खोलीत, जमिनीवर बसून बहिणीने माझ्या खात्याला ही दुहेरी पडताळणी लावून दिली होती. "तुझा फोन हरवला तर?" ती म्हणाली होती. "दुसरा नंबर माझा टाकते." मी म्हटलं होतं, टाक. तेव्हा ती करी रोडला राहायची, दिवसाआड भेटायची. तिचा नंबर तिच्या नावाखाली साठवलेला होता, तो वाचायची वेळ कधी आलीच नव्हती.

आई गेल्यानंतर वर्षभरात बहीण आणि तिचा नवरा मालवणच्या बाजूला त्यांच्या गावी राहायला गेले. त्याची आई एकटी होती, काजूची बाग होती. आमचं भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर निदान मिटवायला काही असतं. आधी रोज फोन, मग आठवड्याने, मग सणाला, आणि मग सणालाही नुसती पणत्यांची तयार चित्रं. तिच्याशी बोलावंसं मला रोज वाटायचं, आणि रोज वाटे की आता इतक्या दिवसांनी काय म्हणून फोन करायचा.

आता निमित्त होतं, पण नंबर नव्हता. सगळे नंबर त्या बंद खात्यात. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी चिंचपोकळीला गेले. आमचा मामेभाऊ तिथे अजून जुन्या चाळीत राहतो, खाली त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. त्याने हात पुसत फोनमधून नंबर शोधला आणि मोठ्याने वाचायला लागला. शेवटी "सहा, दोन" म्हणाला तेव्हा मी कागदावर त्या दोन आकड्यांखाली रेघ मारली.

"तुझ्याकडे तिचा नंबर नाय?" त्याने विचारलं.

"होता," मी म्हटलं.

दुसऱ्या सकाळी ऑफिसात लवकर जाऊन मी कॉम्प्युटर लावला आणि नव्या फोनवरून तिला फोन केला. तिने उचलला नाही. पुन्हा केला. तिसऱ्यांदा उचलला.

"कोण?"

"मी गो, ताई."

पलीकडे वाऱ्याचा आवाज.

"कोण ताई? हा नंबर कोणाचा?"

"माझा नवीन आहे. फोन हरवला माझा. ऐक, तुझ्या फोनवर एक कोड येईल, तो मला सांग."

हे वाक्य मी बोलून गेले आणि बोलता बोलताच मला कळलं की ते कसं ऐकू येत असेल.

"अजिबात नाही," ती म्हणाली. "आमच्या शेजारच्या काकांना असाच फोन आला होता. भाच्याचा आवाज होता, हुबेहूब. सगळं घेऊन गेले. ठेव फोन."

"ठेवू नकोस! विचार मला काहीतरी. कोणाला माहीत नसेल असं."

मग तिने विचारलं, अगदी सावकाश, परीक्षेत विचारतात तसं. "मी लहान असताना रडायला लागले की माझी ताई मला कुठे न्यायची?"

"गच्चीवर," मी म्हटलं. "पाण्याच्या टाकीला कान लावायला. आत गावचा समुद्र आहे, असं सांगायचे मी तुला. पाणी चढायला लागलं की त्याची गाज ऐकू यायची. तू रडायची थांबायचीस आणि म्हणायचीस, होडी पण आहे."

ती म्हणाली, "ताई, तुझा आवाज किती बसलाय गो."

"मिरची होती."

"एकटी गेलीस मसाल्याला?"

"मग काय करू?"

खिडकीबाहेर टेम्पो मागे घेताना कोणीतरी ओरडत होतं. सहकारी बाई आल्या, माझ्याकडे पाहून न बोलता पाणी भरायला गेल्या.

"बरं, सांग," बहीण म्हणाली. "पण आधी तुझ्या पडद्यावर माझ्या नंबरचे शेवटचे आकडे काय दिसतात ते सांग. आणि कोड तू मागितलास की मगच मी बघणार. आपोआप आलेला कोड मी कोणाला देत नाही."

"बासष्ट. मागितला बघ."

काहीच आलं नाही. तिच्या घरात रेंज नव्हती. माझ्याशी ती अंगणातल्या एका ठरावीक कोपऱ्यात उभी राहून बोलत होती, तिथे बोलण्यापुरतीच रेंज यायची, मेसेज अडकून राहायचे. "थांब, सड्यावर जाते," ती म्हणाली. सडा म्हणजे त्यांच्या घरामागचं कातळाचं पठार. मी फोन कानाला लावून ऐकत राहिले. तिच्या चपला, सुकलेला पाचोळा, तिचा श्वास. कुठे तरी कुत्रं भुंकलं, तिने त्याला नावाने दटावलं. तिने कुत्रा पाळलाय हे मला माहीत नव्हतं.

वर पोचल्यावर एकदम तीन मेसेज आले. परवा मी उगाच मागितलेले आणि आजचा. तिने वरचा वाचला, मी टाकला, पडद्याने चुकीचा म्हटलं. "वरचा म्हणजे जुना ना?" मी विचारलं. "अगो बाई, हो." मग आम्ही ठरवलं की नवा मागायचा आणि फक्त तोच वाचायचा. मी नवा मागितला. ती एकेक आकडा म्हणत गेली, मी तिच्यामागून म्हणत टाकत गेले, लहानपणी पाढे म्हणायचो तशा. मेल उघडली.

"उघडलं?"

मी आईचं नाव शोधात टाकलं होतं आणि ओळीच्या ओळी खाली उतरत होत्या. बांगडे. पंखा. वहिनीची मुलगी.

"वाच ना," ती म्हणाली.

मी वाचत गेले. ती सड्यावर उन्हात उभी राहून ऐकत होती. एका ठिकाणी मी 'काय असं' वाचलं आणि तिने तिकडून आईच्या सुरात म्हटलं, "खंय असस गो?" इतकं हुबेहूब, की मी फोन कानापासून दूर धरला.

मग ती म्हणाली, "एक सांगू? रागावू नकोस."

"काय?"

"आईचा टॅब माझ्याकडे आहे. तिचं खातं मी मध्ये मध्ये उघडते. फार दिवस कोणी उघडलं नाही तर ते लोक बंद करतात ना, म्हणून. वाचायला नाही उघडत, ताई. पण तू सगळं विषयातच लिहितेस. मग उघडलं की दिसतंच."

आई गेल्यावर मी तिला मेल करत असे. रोज नाही. कोणाला सांगण्याजोगी गोष्ट नव्हती ती, त्यामुळे इथवर मीही लिहिली नाही. तिच्यासारखंच, विषयाच्या ओळीत, खाली कोरं. 'आज पापलेट आणलं एकटीला जास्त झालं.' 'चाळ पाडली.' 'धाकटी फोन करत नाही, मी पण करत नाही.' मला वाटे ते कुठल्या तरी विहिरीत पडतंय.

"सगळं दिसलं?"

"सगळं."

"मग फोन का नाही केलास?"

"ते आईला लिहिलेलं होतं," ती म्हणाली. "त्यावर मी काय बोलणार? मला वाटायचं, मी बोलले तर तू लिहायचं बंद करशील. आणि मग मला तुझं काहीच कळणार नाही."

सड्यावरचा वारा माझ्या कानात घोंघावत होता. मी खुर्चीवर बसले होते आणि मला तिच्या शेजारी त्या कातळावर, पायाखाली तापलेला दगड घेऊन उभं राहायचं होतं. इतकं, की गिरगावातली ती खोली, ते मुद्रितांचे गठ्ठे, सगळं क्षणभर परकं वाटलं.

मग तिनेच कामाचं काढलं, ती लहानपणापासून तशीच. "आता आधी हरवलेला फोन यादीतून काढ. तुझी उपकरणं म्हणून असेल बघ. पासवर्ड बदल. नवा नंबर टाक, तुझ्या नावावरचा. ते राखीव कोड नवीन काढ, जुने मग चालणार नाहीत. आणि या वेळी छापून घे, मेल करू नकोस स्वतःला, वेडे. एक कागद तुझ्याकडे, एक मला पाठव."

तिने सांगितलं तसं मी केलं. आईच्या नावावरचा जुना नंबर खात्यातून काढायचा होता. तो काढताना 'खात्री आहे का' असं विचारलं. मी बराच वेळ त्या बटणाकडे बघत होते. तिला कळलं असावं. "काढ," ती म्हणाली. "नंबर परत मिळाला तर परत टाकशील. मी हरकत नसल्याचं लिहून देते तुला."

"आणि तुझा बासष्ट?"

"त्याला हात लावायचा नाही."

तो मी तसाच ठेवला आहे.

जुना नंबर पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या नावावर झाला. दुकानातल्या त्या मुलीने सिम हातात देताना सांगितलं की पहिला दिवसभर त्यावर मेसेज येणार नाहीत, सुरक्षेसाठी तसा नियम आहे. मी म्हटलं, चालेल. हरवलेला फोन शेवटपर्यंत मिळाला नाही.

बहिणीशी आता रविवारी बोलणं होतं. ती सड्यावर जाते म्हणून वेळ ठरवावी लागते, आणि पाऊस असला तर तेही जमत नाही. ती म्हणते, तू ये, इथे खोली रिकामी आहे, तुझ्या मुद्रितांना काय, ती इथेही तपासता येतील. मी म्हणते, तुझ्या घरात रेंज नाही, मी काम कसं करू. ती म्हणते, तू ये तर. मी म्हणते, तू ये, गणपतीला. तिला सासूला सोडून निघता येत नाही, मला मुंबई सोडवत नाही, आणि दोघी दर रविवारी हेच बोलतो. परवा ती बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, इथून आज समुद्र दिसतोय, आभाळ स्वच्छ आहे. किती लांब दिसतो, मी विचारलं. तिने बराच वेळ लावला, बहुतेक डोळ्यांवर हात धरून बघत असावी.

"लांब आहे," ती म्हणाली. "पण दिसतो."